सातबाऱ्यावर शेती आहे, पण महापालिकेची हद्द किती दूर आहे?

वाचकाचं पत्र

मी ऐरोलीत राहते, नोकरी करते. कल्याण तालुक्यात मुरबाड रस्त्याच्या अंगाला आमची आजोबांपासूनची दीड एकर जमीन आहे. एक एकर भातखाचरं, वीस गुंठे वरकस. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि भावाचं नाव लागलं. ९६ लाखांना सौदा ठरलाय, खरेदीखत फेब्रुवारी २०२६ मध्ये आहे. एजंट म्हणतो, ग्रामपंचायतीची हद्द आहे, सातबाऱ्यावर शेती आहे, टॅक्स शून्य. उल्हासनगरची हद्द सर्वात जवळची आणि तीही साडेसहा किलोमीटरवर आहे. कायद्यात सहा किलोमीटर आहेत म्हणे. कल्याणची हद्द रस्त्याने साडेनऊ किलोमीटर पडते. चुलतभावाने २०११ मध्ये लागूनचीच जमीन विकली, त्याला एक रुपया भरावा लागला नाही. आता खरेदीदाराचा वकील म्हणतो की तो १ टक्का टीडीएस कापणारच. भाऊ चिडलाय, म्हणतो सौदाच मोडू. नेमकं खरं कोणाचं? गट नकाशा आणि सातबारा सोबत जोडलाय.

उत्तर

सौदा मोडू नका. वकील तुम्हाला फसवत नाही. त्याचा टीडीएस आणि तुमचा कर हे दोन्ही एकाच प्रश्नावर उभे आहेत: आयकर कायद्याच्या नजरेत तुमची जमीन ग्रामीण शेतजमीन आहे की शहरी? ग्रामीण असेल तर ती ‘भांडवली मालमत्ता’च नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफा निघत नाही आणि करही नाही. शहरी असेल तर तिच्यात पिढ्यान् पिढ्या भात पिकत असला तरी ती फ्लॅटसारखीच करपात्र मालमत्ता आहे.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: ग्रामपंचायत म्हणजे ग्रामीण, सर्वात जवळची नगरपालिका तेवढी मोजायची, आणि चुलतभावाला लागू झालं ते आपल्यालाही होईल. तिन्ही गोष्टी ऐकायला सरळ वाटतात. तुमच्या बाबतीत मात्र तिन्ही चुकतात.

ग्रामपंचायतीचं आधी पाहू. १९६१ च्या कायद्यातल्या कलम २(१४) मध्ये ही व्याख्या आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात, ही कसोटी बदलत नाही. जमीन दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा छावणी मंडळाच्या हद्दीत असेल तर ती शहरी, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याला जोडून दुसरा भाग आहे, आणि ठाणे जिल्ह्यात बहुतेक घोळ तिथेच होतो. जमीन हद्दीबाहेर, अगदी ग्रामपंचायतीत असली तरी हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत असली की ती शहरीच धरली जाते. हे अंतर नगरपालिकेच्या लोकसंख्येवर ठरतं. लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटर, एक लाख ते दहा लाख असेल तर ६ किलोमीटर, आणि दहा लाखांपुढे गेली की ८ किलोमीटर. म्हणजे जमिनीचा शेतसारा कोण घेतं यावर काही ठरत नाही. पलीकडे केवढं शहर आहे आणि ते किती जवळ आलंय, हे बघितलं जातं.

लोकसंख्याही आजची धरायची नाही. विक्रीचं आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले असतील, ते धरायचे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून अजून २०११ चेच आकडे चालतात. त्या जनगणनेत ठाणे महापालिका साधारण १८.४ लाख, कल्याण-डोंबिवली १२.५ लाख, वसई-विरार १२.२ लाख आणि नवी मुंबई ११.२ लाख होती. या चौघींचा पट्टा ८ किलोमीटरचा. भिवंडी ७.१ लाख, मीरा-भाईंदर ८.१ लाख, उल्हासनगर ५.१ लाख, अंबरनाथ अडीच लाख आणि बदलापूर पावणेदोन लाख. या सगळ्यांचा ६ किलोमीटरचा. लहान नगरपंचायतींचा पट्टा २ किलोमीटरपुढे जात नाही.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येऊ, कारण तुमचा निकाल तिथेच लागतो. उल्हासनगर सर्वात जवळ आहे, त्याची मर्यादा ६ किलोमीटर आहे, तुम्ही साडेसहावर आहात, म्हणजे उल्हासनगरपुरतं एजंटचं गणित बरोबर आहे. पण कायदा एकाच नगरपालिकेपासून मोजायला सांगत नाही. ‘कोणत्याही’ नगरपालिकेच्या पट्ट्यात जमीन आली की ती शहरी. म्हणून आसपासची प्रत्येक नगरपालिका वेगळी तपासावी लागते, आणि कधी कधी जवळची सोडते तर लांबची पकडते. तुम्ही पाठवलेला गट नकाशा उपग्रह नकाशावर बसवून मोजलं तर कल्याण-डोंबिवली महापालिकेची टिटवाळ्याकडची हद्द तुमच्या गटाच्या जवळच्या बांधापासून सरळ रेषेत साधारण ७.३ किलोमीटरवर येते. कल्याण-डोंबिवलीचा पट्टा ८ किलोमीटरचा. म्हणजे जमीन शहरी ठरते. बदलापूर आणि मुरबाड तुमच्यापासून त्यांच्या मर्यादेपलीकडे आहेत, पण त्याचा आता उपयोग नाही. एकीने पकडलं की बाकीच्यांनी सोडलं तरी फरक पडत नाही.

मग रस्त्याच्या साडेनऊ किलोमीटरचं काय? आणि चुलतभावाचं? त्या दोन्हींचं उत्तर एकच आहे. २०१३ पूर्वी अंतर कसं मोजायचं हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि जाण्यायेण्याच्या रस्त्याने मोजायचं असं अनेक न्यायालयांनी धरलं होतं. २०१३ च्या वित्त कायद्याने ‘हवाई अंतर’ असे शब्द घातले, आणि ते २०१३-१४ या आर्थिक वर्षापासूनच्या व्यवहारांना लागू झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मालतीबाई कडू यांच्या प्रकरणात सांगितलं की ही दुरुस्ती मागच्या वर्षांना लावता येणार नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१५ मध्ये परिपत्रक काढून ते मान्य केलं. त्यामुळे तुमच्या चुलतभावाने २०११ मध्ये रस्त्याने मोजून कर भरला नाही, ते त्याच्या वेळच्या कायद्याने बरोबर असू शकतं. त्याच बांधाला लागून असलेली तुमची जमीन २०२६ मध्ये करपात्र आहे, हेही बरोबर. दोघांत कोणी लबाडी केलेली नाही. मधल्या काळात मोजपट्टी बदलली.

ही मोजणी स्वतः करून बघा, आणि तुमच्यासारख्या इतरांनीही सौदा ठरण्याआधी करावी. सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वरून काढा. गटाची आकृती mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर गट क्रमांक टाकला की दिसते. ती गूगल अर्थवर ओळखीच्या खुणांवरून जुळवा: ओढा, पाणंद, शेजारच्या गटाचा कोपरा. मग पट्टीचं साधन घेऊन तुमच्या जवळच्या बांधापासून महापालिकेच्या हद्दीच्या जवळच्या बिंदूपर्यंत सरळ रेष ओढा. सर्वाधिक चूक या दुसऱ्या टोकाला होते. लोक महापालिकेच्या मुख्यालयापासून किंवा रेल्वे स्टेशनापासून मोजतात. कल्याणच्या शिवाजी चौकापासून मोजलं तर तुमची जमीन कितीतरी लांब दिसेल, पण कायदा हद्दीपासून मोजायला सांगतो, आणि हद्द शहराच्या मध्यापासून कित्येक किलोमीटर बाहेर असते. हद्दीची रेषा महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात मिळते. शोधपट्टीत शहराचं नाव टाकल्यावर उमटणाऱ्या लाल तुटक रेषेवर अजिबात विसंबू नका, ती अनेकदा जुनी असते.

हद्द विक्रीच्या दिवशीची लागते. ठाणे जिल्ह्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण इथे हद्दी हलतात. डोंबिवलीजवळची २७ गावं २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत आली. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि तिने आसपासची गावं सामावून घेतली. हद्द एका गावाने पुढे सरकली की तिच्यापुढचा ६ किंवा ८ किलोमीटरचा पट्टाही तेवढाच पुढे सरकतो. काल ग्रामीण असलेली जमीन आज शहरी होऊ शकते, आणि गावातल्या माणसाला त्याची कल्पनाही नसते. पनवेल, उरण, पेण पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. सिडको हे नियोजनाचे अधिकार असलेलं प्राधिकरण आहे आणि नैना हे तिच्या नियोजनाखालचं नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र; दोन्ही नगरपालिका नाहीत. नैना क्षेत्रात गाव आलं म्हणून जमीन शहरी होत नाही. पण नैनातली बरीच गावं पनवेल महापालिकेपासून ६ किंवा नवी मुंबईपासून ८ किलोमीटरच्या आत येतात, आणि मग त्या कारणाने ती शहरी होतात.

तुमचं ७.३ हे मर्यादेच्या सातशे मीटर आत आहे. पडद्यावरच्या मोजणीत पन्नास-शंभर मीटरचा फरक पडू शकतो, सातशेचा सहसा पडत नाही. तरीही भावाला पटवायचं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडे हवाई अंतराच्या दाखल्यासाठी लेखी अर्ज करा. अर्जात गट क्रमांक, विक्रीची नियोजित तारीख आणि ‘हद्दीपासून सरळ रेषेतील अंतर’ हे शब्द स्पष्ट लिहा. नुसतं ‘अंतराचा दाखला’ लिहिलं की तलाठी कार्यालयातून गावापासून शहरापर्यंतचं रस्त्याचं अंतर लिहून येतं आणि तो कागद निरुपयोगी ठरतो. ज्यांची जमीन मर्यादेच्या दोन-तीनशे मीटर बाहेर आहे, त्यांनी असा दाखला विक्रीआधी घेतल्याशिवाय सही करू नये. पुढे सब-रजिस्ट्रारकडून ३० लाखांवरच्या व्यवहाराची माहिती आयकर खात्याला जाते, ती तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, उमटते, आणि विवरणपत्रात ती दिसली नाही की विचारणा येते. त्या वेळी दाखला हातात असला तर एका उत्तरात विषय मिटतो.

वरकसाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ते सांगायला हवं. जमीन ग्रामीण आहे का हा पहिला प्रश्न, आणि ती खरोखर शेतजमीन आहे का हा दुसरा. दोन्हींचं उत्तर होकारार्थी आलं तरच कर माफ. सातबाऱ्यावरची नोंद हा पुरावा आहे, पण एकमेव नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरतच्या सरिफाबीबी प्रकरणात महसुली दप्तरात शेती असलेली जमीन बिगरशेती ठरवली होती. तिथे चार वर्षं पीक घेतलेलं नव्हतं, बिगरशेती वापरासाठी विकण्याची परवानगी काढलेली होती आणि जमीन गृहनिर्माण संस्थेला विकली होती. शेती म्हणजे नांगरणी, पेरणी, लावणी असं माणसाचं श्रम जमिनीत घातलेलं हवं, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून आपोआप उगवलेलं गवत कापून विकणं ही शेती नाही. तुमच्या वरकसावर नाचणी-वरी होत असेल किंवा आंबा लावलेला असेल तर ती शेती. नुसतं गवत असेल तर त्या वीस गुंठ्यांवर आक्षेप येऊ शकतो.

तुमची जमीन शहरी असल्यामुळे हा दुसरा प्रश्न कर लागू होण्यासाठी उरत नाही, कर तर लागूच आहे. पण शेतीसाठीची सवलत घ्यायची असेल तर तो परत येतो. आणि ज्यांची जमीन खरंच ग्रामीण आहे, त्यांच्यासाठी तो सर्व काही आहे. त्यांनी खरेदीदार कितीही म्हणाला तरी आपल्या नावावर बिगरशेती परवानगी काढून देऊ नये, प्लॉट पाडून देऊ नयेत. विकत घेणारा पुढे काय करेल हा त्याचा प्रश्न. विक्रीच्या दिवशी तुमच्या हातात शेत होतं का, हे तुमच्याबाबत बघितलं जाईल. गाव नमुना १२ मधली ई-पीक पाहणी दर हंगामात करून घ्या. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिथे ‘पड’ लागलं असेल तर भात कापणीच्या पावत्या आणि मजुरीचे कागदसुद्धा शोधून ठेवावे लागतात.

आता आकड्यांकडे. ९६ लाखांत तुमचा वाटा ४८ लाख. जमीन आजोबांची, म्हणून खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव घेता येतो. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून लिहून घ्यावा लागतो, आणि त्या तारखेचं मुद्रांक शुल्काचं मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. उदाहरणासाठी तो गुंठ्याला १५,००० रुपये धरू. साठ गुंठ्यांचे ९ लाख, तुमचे साडेचार लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के दर आहे. त्याआधी मिळालेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. पहिल्या पद्धतीने नफा ४३.५ लाख आणि कर ५,४३,७५० रुपये. दुसऱ्या पद्धतीत २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणून साडेचार लाखांचे १६.९२ लाख होतात, नफा ३१.०८ लाख आणि कर ६,२१,६०० रुपये. तुमच्यासाठी पहिली स्वस्त. त्यावर ४ टक्के उपकर धरून ५,६५,५०० रुपये. भावाचेही तेवढेच. म्हणजे त्या सातशे मीटरांची किंमत तुम्हा दोघांना मिळून ११ लाखांच्या पुढे आहे. जमीन ८ किलोमीटरच्या बाहेर असती तर हा कर शून्य होता आणि टीडीएसही नव्हता.

टीडीएसचं गणित वकिलाने बरोबर केलंय. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असला की खरेदीदाराने १ टक्का कापायचा असतो, आणि त्यातून फक्त ग्रामीण शेतजमीन सुटते. तिथेही हेच ८, ६, २ किलोमीटर लागतात. तुमचा वाटा ४८ लाखांचा असला तरी आता सगळ्या विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरतात, म्हणून मर्यादा ओलांडली गेली. तुमचे ४८,००० आणि भावाचे ४८,००० कापले जातील. तो पैसा बुडत नाही, तुमच्या कराच्या हिशेबात वळता होतो. फक्त खरेदीदाराने फॉर्म 26QB प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळा, योग्य पॅन घालून भरलाय हे बघा. दोघांची रक्कम एकाच पॅनवर गेली तर ती नीट करून घेताना महिने जातात.

रेडी रेकनरही तपासा. शहरी जमिनीत सरकारी मूल्य सौद्याच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर ते मूल्यच विक्रीची किंमत धरलं जातं. तुमच्या गटाचं मूल्य १ कोटी १० लाख निघालं तर कर ९६ लाखांवर नाही, १ कोटी १० लाखांवर लागेल, कारण ९६ लाखांचे ११० टक्के १ कोटी ५ लाख ६० हजार होतात. हा आकडा खरेदीखताआधी कळला तर भावात बोलता येतं.

कर वाचवण्याचे तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. दुसरी शेतजमीन घेणं, कलम ५४ब, हा सर्वात योग्य दिसतो, पण त्याला अट आहे: विक्रीआधीची दोन वर्षं ती जमीन तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी शेतीसाठी वापरलेली हवी. तुम्ही ऐरोलीत राहता, त्यामुळे भात कोण करतं हा प्रश्न येणारच. मजूर लावून, बी-खताचा खर्च करून पीक घेत असाल तर चालतं. कोणाला ठरावीक खंडाने दिली असेल तर अधिकारी ‘वापर तुमचा नाही’ म्हणतील, आणि अर्धेलीनेही वाद होऊ शकतो. वरकसाचा वाटा तर वेगळाच मोजला जाईल. नवी जमीन दोन वर्षांत घ्यायची, तीन वर्षं विकायची नाही. आणि महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ही दीड एकर हीच तुमची एकमेव शेती असेल तर ती विकल्यावर शेतकरी असल्याचा पुरावा मागितला जाईल. खरेदीखताआधीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. जमत असेल तर थोडी जमीन मागे ठेवूनच विका. कागदपत्रं दाखवण्यापेक्षा नावावर जमीन असणं केव्हाही सोपं.

दुसरा रस्ता कलम ५४ईसीच्या रोख्यांचा. विक्रीपासून सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी अशा सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत नफा गुंतवला तर तेवढा नफा करमुक्त. कमाल ५० लाख, म्हणून तुमचे ४३.५ लाख पूर्ण बसतात. पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज साधारण सव्वापाच टक्के आणि तेही करपात्र. मुलांच्या शिक्षणासाठी वर्षभरात पैसा लागणार असेल तर हा रस्ता तुमचा नाही. पण सगळा नफा गुंतवायलाच हवा असंही नाही, आणि तुमच्यासारख्या नोकरदाराला याचा एक उपयोग आहे. नफ्याचे ४३.५ लाख आणि पगाराचं करपात्र उत्पन्न मिळून ५० लाखांपुढे गेलं तर १० टक्के अधिभार बसतो. तुमचा करपात्र पगार साडेसहा लाखांहून जास्त असेल तर जेवढे वर जाता तेवढेच रोख्यांत घाला, अधिभार टळतो. बाकीचा कर भरून पैसा मोकळा ठेवा. मला विचाराल तर मर्यादेच्या आसपास असलेल्यांसाठी हा मधला मार्ग सर्वात शहाणपणाचा आहे.

तिसरा, घर घेणं, कलम ५४फ. इथे नफा नव्हे, हातात आलेली पूर्ण रक्कम, म्हणजे खर्च वजा करून ४८ लाखांच्या आसपास, घरात घालावी लागते. कमी घातली तर सवलत त्या प्रमाणात. विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नसावीत. ऐरोलीचा एकच फ्लॅट असेल तर तुम्ही बसता. भावाच्या नावावर दोन असतील तर तो बसत नाही, आणि तुमची निवड त्याच्यावर लादायची गरजही नाही. दोघांचा हिशेब स्वतंत्र आहे.

खरेदीखताच्या आधी करायच्या गोष्टी थोड्या आहेत: हवाई अंतराचा दाखला, २००१ चा मूल्यांकन अहवाल, रेडी रेकनरचं मूल्य, आणि खतात प्रत्येकाचा वाटा वेगळा लिहून घेणं. खतात ‘सदर मिळकत शेतजमीन असल्याने करमुक्त’ अशी ओळ कोणी घालत असेल तर ती काढायला सांगा. तिने कर टळत नाही आणि तुमच्या जबाबात विसंगती तयार होते. विक्री फेब्रुवारीत झाली की सवलतीत न घेतलेल्या नफ्याचा आगाऊ कर १५ मार्च २०२६ पर्यंत भरा, नाहीतर व्याज चढतं. जमीन किंवा घर घ्यायचंय पण ३१ जुलै २०२६ च्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत सापडलं नाही, तर तेवढी रक्कम त्या तारखेआधी बँकेच्या भांडवली नफा खात्यात टाका. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम, नंतर तुम्ही खरोखर जमीन घेतलीत तरी, सवलतीत धरत नाहीत.